टाळू भरताना

टोपड्याची शिवण मी दुसऱ्यांदा उसवली तेव्हा कुणालाच त्यात काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही. नवरात्र चालू होतं, आईचा नऊ दिवसांचा उपवास, मधल्या घरात घटाखालचं धान वीतभर उगवलेलं, आणि भावजय उंबऱ्याला टेकून चिमीला पाजत बसलेली. ते टोपडं बारशाला मीच शिवलं होतं, आत्याचा मान म्हणून. आईच्या जुन्या नऊवारीचा मऊ तुकडा, आतून मलमलीचं अस्तर, कडेला लाल गोट, हनुवटीखाली बांधायला दोन बंद. लेकरं भराभर वाढतात, म्हणून घेर चाळीस सेंटिमीटरचा धरला होता आणि आत बोटभर दाब सोडला होता. दिवाळीपर्यंत निघावं असा हिशोब. ते गौरी-गणपतीतच घट्ट झालं. मी दाब सोडवून दिला. नवरात्रात परत कपाळावर गोटाचा वळ उठायला लागला. "डोकं बापावर गेलंय," आई म्हणाली. शेजारच्या काकू म्हणाल्या, "कलेक्टर होती बघा तुमची नात." सगळे हसले, मीही हसले आणि जोड देऊन टोपडं मोठं केलं.

मला जे अजून टोचतं ते पुढंच आहे. त्याच दिवशी मी चिमीची झबलीही काढून बघितली होती, तीही आखूड झाली असतील म्हणून. ती सगळी अगदी बेतात बसत होती. छातीला तीच, बाहीला तीच. पंधरा वर्षं मी लोकांच्या लेकरांची मापं घेते. वाढतं लेकरू सगळीकडून वाढतं, हे मला कुणी सांगायला नको. आमच्या चिमीचं फक्त टोपडं वाढत होतं. टेप माझ्या गळ्यात होता.

आणि आईचं बोट. आमच्याकडं लेकराला न्हाऊ घालायच्या आधी टाळू भरतात. कोमट खोबरेल तळहातावर घ्यायचं, टाळूवर ओतायचं आणि बोटांनी थापटून थापटून जिरवायचं. आईनं आम्हा तिघांची भरली, नंतर गल्लीतल्या कितीतरी लेकरांची. नीट लेकराच्या टाळूला किंचित खोलगा असतो, तेल त्यात थोडं थांबतं, आणि खाली नाडीसारखं उडताना दिसतं. गणपतीच्या सुमाराला आई एकदा म्हणाली होती, "हिच्या टाळूवर तेल ठरंना बाई. घसरून कानावर येतंय." आम्ही ऐकलं आणि सोडून दिलं. तेल पातळ असेल. हात थरथरत असेल. वय झालंय.

दीड महिन्याच्या आणि अडीच महिन्याच्या लशीला कार्डावर वजन लिहिलं गेलं होतं, तेही व्यवस्थित, रेघेच्या आत. डोक्याला कुणी टेप लावला नव्हता. साडेतीन महिन्यांच्या लशीला मी मुद्दाम सोबत गेले आणि तिथल्या सिस्टरला म्हटलं, डोकं मोजता का. तिनं मोजलं. साडेत्रेचाळीस. तिनं कार्डाच्या कोपऱ्यात आकडा लिहिला, थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, बालरोगतज्ज्ञाला दाखवा, पण त्याआधी दोन-तीन आठवड्यांनी परत मोजा. एका मापानं कळत नाही." भल्या मनानंच म्हणाली असणार. आज मला वाटतं, पहिल्या अर्ध्या वाक्यावरच तिनं थांबायला हवं होतं.

तीन आठवड्यांनी, दसरा उलटून गेल्यावर, आम्ही परभणीला गेलो. सोयाबीनची काढणी चालू होती, मळणीयंत्रांची धूळ रस्त्यावर आलेली, भाऊ मोटारसायकलवर पुढं आणि आम्ही तिघी काळी-पिवळीत. डॉक्टरांनी माझा टेप हातात घेतला, ओढून बघितला आणि परत दिला. "कापडी टेप ताणला जातो. जुना झाला की अर्धा-एक सेंटिमीटर सहज खोटं बोलतो." त्यांचा न ताणणारा होता. पुढून भुवयांच्या जरा वर, मागून डोक्याचा सगळ्यात फुगीर भाग. तीनदा मोजलं, आणि तिन्हींतलं सगळ्यात मोठं माप लिहिलं. साडेपंचेचाळीस. मग त्यांनी मुलींचा तक्ता काढला. जन्मताना चिमी चौतीस होती, मधल्या रेघेवर. चार महिन्यांच्या मुलीचं डोकं साधारण साडेचाळीसच्या आसपास असतं. आमचा ठिपका सगळ्यात वरच्या रेघेच्याही वर, कोऱ्या कागदात पडला. पण डॉक्टर त्या ठिपक्याकडं फार बघत नव्हते. ते मधल्या अंतराकडं बघत होते. पहिले तीन महिने डोकं महिन्याला दोन सेंटिमीटर वाढतं, पुढचे तीन महिने एक. आमचं तीन आठवड्यांत दोन वाढलं होतं.

त्यांनी चिमीला उभं धरलं, ती रडायची थांबेपर्यंत थांबले आणि मग टाळूवर बोट ठेवलं. आडवं असताना किंवा रडताना कुणाचीही टाळू फुगते, म्हणून उभं आणि शांत. मग म्हणाले, "भरलेली आहे."

आई म्हणाली, "मी तेच म्हणत होते."

सोनोग्राफी टाळूतूनच होते हे मला तेव्हाच कळलं. हाडातून आवाजाच्या लहरी नीट जात नाहीत, आणि टाळू बुजेपर्यंत तेवढीच एक खिडकी उघडी असते. ना सुई, ना झोपेचं औषध. थंड जेल, त्यावर गोट्यासारखं गोल तोंडाचं यंत्र, आणि भावजयीच्या मांडीवर चोखणी चोखत पडलेली चिमी. आई जिथं तेल ओतायची नेमकं तिथं. पडद्यावर मेंदू करडा दिसतो आणि पाणी काळं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी दुसऱ्या कुठल्या तरी लेकराचं चित्र दाखवलं. मधोमध दोन बारीक काळ्या फटी, स्वल्पविरामासारख्या. मग आमचं. दसऱ्याला मी लोकांना आपट्याची पानं वाटली होती. अगदी तसंच, जोडलेल्या दोन पाकळ्यांचं एक काळं पान, आणि त्याच्या भोवती करड्या रंगाची कड. ती कड म्हणजे आमच्या पोरीचा मेंदू.

रिपोर्ट भावानं बाहेरच्या बाकावर बसून वाचला. त्याचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे, इंग्रजी तो खोक्यांवरचं वाचण्याइतपत वाचतो. बोट ठेवत ठेवत वाचलं. दोन्ही लॅटरल आणि थर्ड व्हेंट्रिकल ग्रॉसली डायलेटेड. फोर्थ व्हेंट्रिकल नॉर्मल. शेवटच्या शब्दावर बोट तसंच ठेवून तो माझ्याकडं बघून म्हणाला, "अक्का, एक तरी नॉर्मल आहे."

ते वाक्य मी विसरू शकत नाही. कारण नंतर डॉक्टरांनी सांगितलं, त्या एका "नॉर्मल"मुळंच तर कळलं की कुठं अडलंय.

पण डॉक्टरांनी आधी वेगळंच सांगितलं. व्हेंट्रिकल म्हणजे मेंदूतल्या खोल्या, आणि त्या मोठ्या दिसल्या म्हणजे लगेच हायड्रोसेफलस, म्हणजे डोक्यात पाणी तुंबण्याचा आजार, झाला असं नसतं. मेंदूच्या आतल्या या खोल्यांमध्ये पाणी असतंच, प्रत्येकाच्या. काही लेकरांचा मेंदू आधीच कशानं तरी खंगलेला असतो, मग रिकामी झालेली जागा पाणी भरून काढतं. तिथं दाब नसतो, डोकं भराभर वाढत नाही, आणि पाणी काढून द्यायला नळी घातली तरी काही उपयोग होत नाही. काहींचं पाणी मेंदूच्या आत नाही, बाहेर, कवटी आणि मेंदूच्या मधे जास्त असतं. त्याच दिवशी तिथं मंठ्याकडचं एक जोडपं होतं, सहा महिन्यांचा मुलगा, डोकं आमच्या चिमीसारखंच मोठं. डॉक्टरांनी लेकराचं डोकं मोजलं आणि लगेच बापाला म्हणाले, फेटा काढा. बापाचं डोकं मोजलं. ते एकोणसाठ भरलं. लेकरू टुणटुणीत, टाळू मऊ, माप मोठं पण रेघेला धरून चाललेलं, सोनोग्राफीत पाणी बाहेरच्या अंगाला. "घराण्याचं डोकं आहे," डॉक्टर म्हणाले, "महिन्याला मोजत राहू. बहुतेक दोन वर्षांपर्यंत आपोआप जुळून येतं." ते जोडपं उठून गेलं तेव्हा त्या बाईनं भावजयीच्या खांद्यावर हात ठेवला. भावजयीनं तो हात झटकला नाही, पण तिचा चेहरा मी बघितला. त्यांच्या हातातही तसंच पाकीट होतं, तशीच काळी फिल्म.

घरी गेल्यावर गावाला एकच शब्द कळला. डोक्यात पाणी झालंय.

आमच्या भागात पाण्याचं दुःख सगळ्यांना ठाऊक आहे, पण ते नसण्याचं. पाणी जास्त झालंय म्हटल्यावर लोकांनी आपापल्या परीनं हिशोब मांडले. गरोदरपणी भावजय रोज शहाळं प्यायची. ग्रहणात तिनं भाजी चिरली होती. लेकराला थंड पाण्यानं पुसलं होतं. आईनं तर काही न बोलता भावजयीच्या उशाचा तांब्या उचलून स्वयंपाकघरात नेऊन ठेवला. अंगावर पाजणारी बाई, दिवसभर घसा कोरडा पडतो तिचा. ती रात्री उठून अंधारात चूळ भरल्यासारखं पाणी प्यायची, हे मला तिनं पुष्कळ दिवसांनी सांगितलं. पुढच्या खेपेला मी आईसमोरच डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, हे पिण्याचं पाणी नाहीच. त्या खोल्यांच्या आत एक गुच्छा असतो, तो रक्तातून हे पाणी तयार करतो, रात्रंदिवस. मोठ्या माणसात दिवसाला जवळपास अर्धा लिटर तयार होतं आणि डोक्या-पाठीत मिळून एका वेळी असतं दीडशे मिली. म्हणजे दिवसातून तीन वेळा जुनं जाऊन नवं येतं. लेकराच्या आईनं पाणी कमी प्यायलं म्हणून ते कमी होत नाही, जास्त प्यायलं म्हणून जास्त होत नाही. भावानं पाचव्या महिन्याची सोनोग्राफी फायलीतून काढून पुढं केली, त्यात सगळं ठीक लिहिलेलं. कुणाचं चुकलं, हा त्याचा न विचारलेला प्रश्न होता. डॉक्टर म्हणाले, तेव्हा खरंच ठीक असेल. हे फुगणं पुष्कळदा त्याच्यानंतर सुरू होतं.

आई त्या दिवशी काही बोलली नाही. रात्री तांब्या परत उशाशी होता.

एमआरआयसाठी छत्रपती संभाजीनगरला जावं लागलं. मानवत रोडहून पहाटेची गाडी, सेलू, परतूर, जालना, आणि डब्यात चिमी सगळ्यांकडं बघून हसत होती. तिचे डोळे मात्र अधूनमधून खाली जायचे, बुबुळाच्या वर पांढरं दिसायचं. त्याला मावळत्या सूर्यासारखे डोळे म्हणतात. वरच्या दाबानं नजर वर उचलत नाही. मी तिला वरच्या बर्थवर टांगलेला खुळखुळा दाखवत राहिले आणि ती मान मागं टाकून बघत राहिली, डोळे उचलून नाही.

तिथल्या मेंदूच्या सर्जननी भावाला खुर्ची ओढून जवळ बसवलं. कोण काय काम करता विचारलं. मोटारी भरतो म्हटल्यावर त्यांनी कागद घेतला आणि चार खोल्या काढल्या. वर दोन मोठ्या, त्यांच्याखाली तिसरी, आणि तिसरीतून चौथीत जाणारा एक बारीक बोळ. निरोगी लेकराचासुद्धा तो एक-दोन मिलिमीटरचाच असतो. सगळं पाणी त्या बोळातून चौथीत, तिथून बाहेर येऊन मेंदूच्या अंगावरून वाहतं आणि वरच्या शिरांमध्ये जिरतं. आमचा बोळच चिंचोळा. भाऊ म्हणाला, "म्हणजे चारी मधेच बुजली. वरच्या अंगाला तुंबलंय, खालच्याला बेताचंच." जायकवाडीच्या कालव्याच्या टोकाला शेत असलेल्या माणसाला हे दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. "आणि चौथी नॉर्मल म्हणजे..." तो मधेच थांबला. सर्जन म्हणाले, "म्हणजे तुंबारा तिच्या अलीकडं आहे." भावानं खिशातला रिपोर्ट काढला, बघितला आणि परत घडी घातली.

रस्ते दोन होते. एक, दुर्बीण घालून तिसऱ्या खोलीच्या तळाला भोक पाडायचं, म्हणजे बोळाला वळसा घालून पाणी बाहेर पडतं आणि अंगात कुठलीही वस्तू राहत नाही. भावाला हे लगेच आवडलं, बांध फोडून पाणी काढून देण्यासारखं. पण सर्जननी त्याचा हिशोब मांडून दाखवला. लेकराचं वय, कारण आणि आधी नळी बसवली होती का, या तीन गोष्टींना गुण असतात. एक ते सहा महिने वयाला दहा. बोळ चिंचोळा असणं हे चांगल्या कारणांपैकी, त्याला तीस. आधी नळी नव्हती, त्याचे दहा. बेरीज पन्नास. म्हणजे सहा महिन्यांनंतरही भोक काम करत असण्याची आशा शंभरात पन्नास. हीच मुलगी वर्षाची असती तर वयाचेच चाळीस मिळून ऐंशी झाले असते. "मग थांबू या की वर्षभर," भाऊ म्हणाला. सर्जन नुसते त्या काळ्या पानाच्या कडेवर पेन फिरवत राहिले. ती कड वर्षभर थांबणार नव्हती.

दुसरा रस्ता शंट. वरच्या खोलीत एक बारीक नळी, कानामागं कातडीखाली एक वॉल, तिथून मानेतून छातीवरून कातडीखालूनच पोटात उतरणारी लांब नळी. पोटात ती जास्तीची गुंडाळून ठेवतात, लेकरू उंच होईल तशी ती उलगडत जाते. भावानं विचारलं, "फुटवॉलसारखा? एकाच बाजूनं जाऊ देतो, परत येऊ देत नाही?" तसाच. आणि वॉल किती दाबाला उघडतो ते मोजतात सेंटिमीटर पाण्यात, पाच ते दहाच्या आसपास. "हेड," भाऊ म्हणाला. पंप विकताना तो दिवसभर हाच शब्द वापरतो, दोनशे फूट हेड, तीनशे फूट हेड. सर्जन पहिल्यांदा हसले आणि त्यांनी एक गोष्ट सांगितली. अमेरिकेत जॉन होल्टर नावाचा एक यंत्रकारागीर होता, त्याच्या 1955 साली जन्मलेल्या मुलाला हाच आजार. डॉक्टरांकडं त्या वेळी धड चालणारा वॉल नव्हता, म्हणून त्यानं स्वतः बसून सिलिकॉनच्या तुकड्याला चिरा पाडून एक तयार केला. 1956 पासून तो माणसांना बसवायला लागले. आज आपल्याकडं बसवतात तो शहाजहानपूरला बनणारा स्वस्तातला शंटही चिरेच्याच तत्त्वावर चालतो. भावाला ही गोष्ट फार लागली. तो मुलगा लहानपणीच गेला, हे मी नंतर वाचलं. भावाला सांगितलं नाही.

शंटवर शिक्कामोर्तब झालं. शिधापत्रिका घेऊन आरोग्यमित्राच्या खिडकीशी दोन दिवस गेले, त्यावर फार लिहीत नाही, काम झालं. आदल्या संध्याकाळी डोक्याच्या उजव्या बाजूचे केस काढणार म्हटल्यावर आई अडून बसली. जावळ झालेलं नव्हतं. जावळ देवीच्या दारात, मामाच्या मांडीवर काढायचं असतं. मी काही बोलणार तोच वॉर्डातल्या एका सिस्टरनं कागदाची पुडी केली, निघालेले केस त्यात भरले आणि आईच्या हातात दिले. "देवीला हेच वाहा. देवीला दवाखाना चालतो." आईनं पुडी पदराला बांधली.

ऑपरेशन तास-दीड तासाचं. आणलं तेव्हा कानामागं सुपारीएवढा उंचवटा, पोटावर दोन बोटांची पट्टी, आणि टाळू खोल. इतकी खोल की आई घाबरून उभी राहिली. आमच्यात टाळू पडली की लेकराचं काही खरं नाही असं मानतात. इथं मात्र डॉक्टर ती बघून समाधानानं मान हलवत होते. भावजयीनं मात्र पहिल्यांदाच थेट प्रश्न विचारला. "आता ही बरी झाली ना?" सर्जननी तिला हो म्हटलं नाही. म्हणाले, पाण्याला वाट करून दिली. बोळ चिंचोळाच आहे, तो तसाच राहणार. मेंदूची कड जाड होईल, पण दाबानं जे झालं असेल ते किती आणि कुठं, ते ती बसायला, धरायला, बोलायला लागेल तसं कळेल. आणि नळी बंद पडू शकते. लहान लेकरांत पहिल्याच वर्षात तिघांतल्या एकाची तरी पडते. पहिल्या काही महिन्यांत जंतुसंसर्गाची भीती जास्त, म्हणून ताप आला, नळीच्या वाटेवर लाली आली तर थांबायचं नाही. भावजय मान हलवत होती. मला वाटलं तिला कळत नाहीये. तिला सगळं कळत होतं.

जाताना डॉक्टरांनी एक गोष्ट बजावून सांगितली, जी आम्हाला तेव्हा बिनमहत्त्वाची वाटली. दोन-तीन महिन्यांनी, सगळं ठीक असताना, टाळूतून एक सोनोग्राफी करायची आणि ती फिल्म जपून ठेवायची. आजारी असतानाचा फोटो सगळेच काढतात, बरी असतानाचा हाताशी पाहिजे. संक्रांतीनंतर आम्ही ती केली. आपट्याचं पान मिटत आलं होतं. पूर्ण नाही.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात चिमी दहा महिन्यांची होती. पारा त्रेचाळीसवर, दुपारी गल्लीत कुत्रंही नाही. सकाळी ती ओकली. घरात सगळ्यांनाच उलट्या-जुलाब चालू होते, त्यामुळं ऊन लागलं म्हणून कांद्याचा रस झाला, साखर-मिठाचं पाणी झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी परत ओकली. जुलाब मात्र नव्हते. दुपारी नेहमी खुळखुळ्यासाठी भांडणारी पोर पेंगत राहिली. दवाखान्यात सलाइन लावली आणि सांगितलं, उन्हाळ्याचंच आहे, उद्यापर्यंत तरतरी येईल. आम्ही सांगितलं होतं की शंट आहे. त्यांनी कानामागचा उंचवटा दाबून बघितला, तो दबला आणि वर आला, म्हणून म्हणाले चालू आहे. त्या दाबण्यावरून काही ठरत नाही, हे आता मी कुणालाही सांगेन. संध्याकाळी भावजयीनं तिला उभं धरलं, शांत व्हायची वाट बघितली आणि टाळूवर बोट ठेवलं. मग आईला हाक मारली. आईनंही ठेवलं. उलट्या-जुलाबानं अंगातलं पाणी गेलेल्या लेकराची टाळू खोल जाते. हिची तट्ट.

कुणाला विचारलं नाही. भावजयीनं कपाटातून संक्रांतीची फिल्म काढली, पिशवीत घातली आणि चप्पल घालून दारात उभी राहिली. रात्री अकराला जीप मिळाली.

संभाजीनगरला पहाटे सोनोग्राफी झाली आणि दोन फिल्मा शेजारी शेजारी लावल्या. एकटी आजची बघितली असती तर कुणी म्हटलं असतं, हिच्या खोल्या अशाच मोठ्या असतील. शेजारी संक्रांतीची होती म्हणून वाद राहिला नाही. पान परत उघडलं होतं. ऑपरेशनात वरच्या नळीचं टोक निघालं, त्याच्या छिद्रांमध्ये पाणी बनवणाऱ्या त्या गुच्छ्याचाच तंतू शिरून बसला होता. भावाला ते सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "गाळणीत शेवाळ." नळी बदलली. दोन दिवसांनी चिमीनं खुळखुळा मागितला. भाऊ बाहेर येऊन जिन्यात बसला आणि बराच वेळ रुमालानं हात पुसत राहिला, हातांना काही लागलेलं नसताना.

त्याला एवढंच म्हणायचं होतं की सलाइन लावलेल्या रात्री आपण थांबलो असतो तर. मी काही बोलले नाही. मला माझी दोनदा उसवलेली शिवण आठवत होती.

आता चिमी चौदा महिन्यांची आहे. आधाराशिवाय बसते, धरून उभी राहते, उजव्या हातानं जास्त धरते आणि डावा हात विसरते. जिल्हा रुग्णालयात आठवड्यातून दोनदा व्यायामाला नेतो, तिथल्या बाई डाव्या हातात मुद्दाम पोळीचा तुकडा देतात. एक डोळा किंचित आत वळतो. "बाबा" म्हणते, "आई" म्हणत नाही, यावरून घरात रोज भांडण. डोक्याचं माप सत्तेचाळीसवर आलं आहे आणि महिनाभर तिथंच आहे. मागून अंग वाढतंय, डोकं त्याची वाट बघत थांबल्यासारखं.

पोळ्याच्या सकाळी भाऊ बैलांना न्हाऊ घालायला गेला होता आणि अंगणात आई चिमीला मांडीवर घेऊन बसली होती. तेल ओतलं, बोट ठेवलं आणि थांबली. मग परत ठेवलं, जरा दाबून. "भरली गं," ती म्हणाली. माझ्या पोटात गोळा आला. पण ती त्या अर्थानं म्हणत नव्हती. हाड आलं होतं. मधोमध अजून करंगळीच्या टोकाएवढं मऊ लागत होतं, बाकी सगळं बुजलेलं. सोनोग्राफीची खिडकी मिटत आली होती. यापुढं बघायचं तर सीटी किंवा एमआरआय, आणि घरी बोटाला काही कळणार नाही.

"आता आपल्याला कसं कळायचं?" आई म्हणाली.

भावजय चुलीपुढं पुरण वाटत होती. तिथूनच म्हणाली, "सकाळी उठल्या उठल्या ओकली तर. खेळता खेळता पेंगायला लागली तर. येणारी गोष्ट येईनाशी झाली तर." तिनं पाटा सारखा केला. "आणि फिल्म नवी काढून ठेवायचीय, राहिलेली खिडकी बुजायच्या आत. पुढच्या सोमवारी जाऊ."

आईनं टाळूवर तेल तसंच थापटलं, नेहमीएवढाच वेळ. मी ओसरीवर मशीन मांडलं होतं. पोळ्याला नवं टोपडं शिवायचं होतं, या खेपेला कानामागचा उंचवटा दबू नये म्हणून उजव्या बाजूला चुण्या घालून. टेप नवा आहे, न ताणणारा. कापड बेतताना मी भावजयीला विचारलं, दाब किती सोडू.

"सोड अर्धं बोट," ती म्हणाली.